टीव्हीवरचं रेकॉर्डिंग मध्येच थांबतं? आधी फाइलचा शेवट बघा

डिचोलीला आमच्या काकांच्या घरी छपरावर फ्री डिशची छत्री आहे आणि तिची केबल सेट-टॉप बॉक्सशिवाय थेट स्मार्ट टीव्हीच्या मागे बसते, कारण त्या टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर आतच आहे. रिमोटवर लाल गोल खुणेचं बटण आहे, ते दाबलं की चालू कार्यक्रम यूएसबीला लावलेल्या ड्राइव्हवर रेकॉर्ड होतो. निदान व्हायला हवा. गेल्या श्रावणात काकूंना सह्याद्री वाहिनीवरची कीर्तनं साठवून ठेवायची होती, आणि दर वेळी रेकॉर्डिंग कुठेतरी मध्येच तुटत होतं. कधी बारा मिनिटांनी, कधी सव्वीस, कधी एकोणीस. पडद्यावर एक ओळ येई की यूएसबीचा वेग कमी आहे, आणि ती वाचेपर्यंत निघून जाई. हा त्रास मी त्यानंतर आणखी दोन-तीन घरांत पाहिला. कारणं मोजकीच असतात, पण बाहेरून सगळी सारखीच दिसतात, म्हणून लोक एकामागून एक पेन ड्राइव्ह विकत घेत राहतात.

सुरुवातीला एक गोष्ट तपासून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. टीव्ही फक्त स्वतःच्या ट्यूनरवरून आलेलं चित्र रेकॉर्ड करू शकतो. तुमच्याकडे डीटीएचचा किंवा केबलचा बॉक्स असेल आणि तो एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला असेल, तर टीव्हीच्या दृष्टीने तो कार्यक्रम रेकॉर्ड करण्याजोगा नाही. ॲपवरून चालणाऱ्या कार्यक्रमांचंही तेच. अशा वेळी रेकॉर्डचं बटण चालतच नाही, आणि त्यात ड्राइव्हचा काही दोष नसतो. बॉक्सच्याच मागे यूएसबीची जागा असेल आणि त्याच्या मेनूत रेकॉर्डिंग असेल, तर ड्राइव्ह तिथे लावायचा. खालचं सगळं त्या बॉक्सलाही लागू पडतं.

आता मूळ प्रश्न. रेकॉर्डिंग थांबलं की लगेच दुसरा ड्राइव्ह लावू नका. अर्धवट राहिलेली फाइल उघडा आणि तिची शेवटची दहा-पंधरा सेकंदं नीट बघा. आमच्याकडे पावसाळ्यात ही पायरी फार महत्त्वाची आहे. फ्री डिश ज्या लहरींवर येते त्या जोराच्या पावसात क्षीण होतात, आणि आषाढ-श्रावणात गोव्यात जोराचा पाऊस म्हणजे रोजची गोष्ट. सिग्नल गेल्यामुळे रेकॉर्डिंग तुटलं असेल तर शेवटी चित्राचे चौकोनी तुकडे पडलेले दिसतात, आवाज अडखळतो आणि मग फाइल संपते. ड्राइव्हमुळे तुटलं असेल तर चित्र शेवटच्या क्षणापर्यंत स्वच्छ असतं आणि वाक्याच्या मध्यावर कात्रीने कापल्यासारखं संपतं. काकूंच्या तिन्ही फाइलींत कीर्तनकारबुवा स्वच्छ दिसत होते आणि अभंगाच्या मध्येच गप्प होत होते. म्हणजे छत्री निर्दोष, दोष ड्राइव्हच्या बाजूचा.

दुसरी खूण फाइलच्या आकाराची. तो बघायला ड्राइव्ह संगणकाला लावावा लागतो. इथे एक सावधगिरी सांगतो. काही टीव्ही ड्राइव्ह स्वतःच्या खास पद्धतीने फॉरमॅट करतात आणि रेकॉर्डिंग कुलूपबंद ठेवतात. असा ड्राइव्ह विंडोजला ओळखू येत नाही आणि `You need to format the disk in drive E: before you can use it` असा संदेश येतो. तिथे होकार दिलात तर आतलं सगळं रेकॉर्डिंग गेलं. `Cancel` दाबा, ड्राइव्ह काढा आणि परत टीव्हीला लावा. अशा टीव्हीवरचं रेकॉर्डिंग दुसऱ्या टीव्हीवर किंवा संगणकावर चालत नाही, आणि टीव्हीचा मुख्य बोर्ड बदलावा लागला तर बहुधा त्याच टीव्हीवरही चालत नाही. काकांचा टीव्ही त्या जातीचा नाही. त्याच्या फाइली `.ts` या साध्या रूपात दिसतात, त्यामुळे मला आकार बघता आले.

तिन्ही फाइलींचे आकार वेगवेगळे होते. थांबण्याची वेळही वेगळी आणि आकारही वेगळा, चित्र मात्र स्वच्छ. असं असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा ड्राइव्ह लिहिताना अडखळतो आहे असं समजायला हरकत नाही.

पण इथे काकांनी जो प्रश्न विचारला तो अगदी रास्त होता. ते म्हणाले, "अरे, या पेन ड्राइव्हच्या पाकिटावर शंभर एमबी वेग लिहिलाय. टीव्हीला लागतो तरी किती?" आम्ही हिशेब केला. त्या वाहिनीचं एक तासाचं रेकॉर्डिंग विंडोजमध्ये दीड जीबी दिसत होतं. म्हणजे सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा नाही. एचडी वाहिनी असेल तर सेकंदाला साधारण एक एमबी धरा, फार तर थोडं जास्त. मग शंभर एमबीवाला पेन ड्राइव्ह अर्ध्या एमबीला कमी कसा पडतो?

उत्तरात दोन गोष्टी आहेत. पाकिटावरचा आकडा सहसा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे. पण खरी गोम त्याहून वेगळी आहे. स्वस्त पेन ड्राइव्ह सुरुवातीचा थोडा मजकूर एका चपळ राखीव जागेत पटापट घेतो. ती जागा भरली की त्याला लिहिलेलं आत खोलवर हलवावं लागतं, जुने कप्पे पुसून नवे मोकळे करावे लागतात, आणि हे करताना तो बाहेरचं काही घेतच नाही. कधी अर्धं सेकंद, कधी तीन-चार सेकंद तो पूर्ण थिजतो. सरासरी काढली तर वेग भरपूर दिसतो. पण कार्यक्रम काही थांबत नाही. येणारं चित्र टीव्ही आपल्या छोट्याशा स्मृतीत धरून ठेवतो, ती काठोकाठ भरते, आणि मग टीव्हीपुढे रेकॉर्डिंग सोडून देण्याशिवाय पर्याय उरत नाही. नळाला पाणी सतत येतंय आणि बादली बदलायला कोणी चार सेकंदं लावली तर खाली सांडणारच, बादली कितीही मोठी असो. म्हणून रेकॉर्डिंगसाठी ड्राइव्हचा सर्वांत चांगला वेग बघायचा नसतो, त्याचा सर्वांत वाईट क्षण बघायचा असतो.

तो क्षण घरी बघता येतो, त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजच्या संगणकावर तीन-तीन जीबीच्या चार-पाच फाइली एकदम त्या ड्राइव्हवर कॉपी करायला लावा आणि कॉपीच्या खिडकीत `More details` दाबा. वेगाचा आलेख दिसतो. काकांच्या पेन ड्राइव्हवर पहिली काही जीबी सेकंदाला पंचवीस एमबीच्या आसपास गेली, मग आलेख एकदम चारवर कोसळला आणि पुढे दर थोड्या वेळाने जमिनीला टेकत राहिला. त्या टेकण्यातच काकूंचं कीर्तन तुटत होतं. चांगल्या ड्राइव्हचा आलेख भले दहावर असेल, पण तो दहावरच सपाट राहतो. दहा एमबीचा सपाट आलेख एचडीलासुद्धा पुरून उरतो. आलेख बघताना घाई नको, किमान बारा-पंधरा जीबी जाऊ द्या, कारण पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येक ड्राइव्ह गुणी दिसतो.

तुम्ही चालू कार्यक्रम मध्येच थांबवून पुढे सुरू करण्याची सोय वापरत असाल, तर टीव्ही त्या वेळी एकाच ड्राइव्हवर लिहितोही आणि वाचतोही. साधं रेकॉर्डिंग जमवणारा ड्राइव्ह तिथे हमखास मार खातो. ती सोय मेनूतून बंद केली की पुष्कळदा काठावरचे ड्राइव्ह तगून जातात. काकांकडे तेवढ्याने सव्वीस मिनिटांचे चाळीस झाले, एवढंच.

बाजारात मिळणारे अतिशय स्वस्त आणि पाकिटावर एक टीबी, दोन टीबी लिहिलेले पेन ड्राइव्ह तर आणून बघूसुद्धा नका. त्यातले बरेचसे खोटे असतात. आत चिप लहान असते आणि ती संगणकाला मोठा आकडा सांगते. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं, आणि फाइल दिसते पण चालत नाही. शंका असेल तर विंडोजवर `H2testw` हे मोफत साधन संपूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. लिनक्सवर `f3` हे साधन बसवून हेच काम असं होतं. यातला रस्ता आपल्या ड्राइव्हचा घालावा:

```
f3write /media/usb
f3read /media/usb
```

मी काकांना पेन ड्राइव्ह सोडून द्यायला सांगितलं आणि माझ्याकडची जुनी लॅपटॉपची पाचशे जीबीची हार्ड डिस्क यूएसबीने जोडता येणाऱ्या डबीत घालून आणली. फिरत्या तबकडीच्या डिस्कला वर सांगितलेला थिजण्याचा आजार सहसा नसतो. रेकॉर्डिंगसाठी मला आजही ती पेन ड्राइव्हपेक्षा जास्त भरवशाची वाटते. पण तिची भूक वेगळी. टीव्हीला लावली, दिवा लागला, रेकॉर्ड दाबलं आणि दोन-तीन सेकंदांनी आतून टक्-टक् असा आवाज येऊन डिस्क टीव्हीवरून नाहीशीच झाली. काकू दारातून म्हणाल्या, "ही तर त्या पेन ड्राइव्हपेक्षाही लवकर गेली रे."

तो टक्-टक् आवाज म्हणजे वीज कमी पडल्याची खूण. यूएसबी २.० च्या जागेतून ठरल्याप्रमाणे पाचशे मिलिॲम्पियर मिळतात, आणि तबकडी फिरायला लागताना अशी डिस्क त्याच्या दुप्पटसुद्धा मागू शकते. टीव्हीच्या पाठीमागे नीट बघा. बऱ्याच टीव्हींना दोन-तीन यूएसबीच्या जागा असतात आणि त्यांपैकी एकीवर `HDD` किंवा `5V 1A` असं लिहिलेलं असतं. डिस्क तिथेच लावायची. काकांच्या टीव्हीवर ती जागा एचडीएमआयच्या मागे आत दडलेली होती, टॉर्च मारून शोधावी लागली. तिथे लावल्यावर आवाज थांबला. अशी जागा नसेल तर स्वतंत्र ॲडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घालावा. आणि लांब, बारीक केबल वापरू नये, तिच्यातच दाब उतरतो. आमच्याकडे खारी हवा आणि दमट भिंती, त्यामुळे जोडणीच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट-काळा थर चढतो तोही बघावा. केबल हलवली की डिस्क जाते-येते, असं होत असेल तर आधी केबल बदला.

त्यानंतर महिनाभर सगळं सुरळीत चाललं. कीर्तनं झाली, चवथीच्या दिवसांतली भजनं झाली. मग थंडीत डीडी स्पोर्ट्सवर एकदिवसीय सामना होता. काकांना तो अख्खा हवा होता, कारण त्या दिवशी ते फोंड्याला एका मुंजीला जाणार होते. संध्याकाळी परत येऊन बघतात तर रेकॉर्डिंग पहिल्या डावातच, चाळिसाव्या षटकाच्या आसपास संपलेलं. त्यांनी मला फोन केला तेव्हा आवाजात खरंच वाईट वाटल्याची छटा होती. मी फक्त एवढंच विचारलं की फाइल केवढी आहे. ते म्हणाले, "चार जीबीला अगदी किंचित कमी दाखवतंय."

ही तिसरी खूण, आणि ती कधी चुकत नाही. फाइल चार जीबीजवळ येऊन थांबली असेल तर ड्राइव्ह `FAT32` पद्धतीने फॉरमॅट झालेला आहे. त्या पद्धतीत एका फाइलचा कमाल आकार ४,२९४,९६७,२९५ बाइट्स, त्याच्या पुढे एक बाइटही नाही. ड्राइव्हवर चारशे जीबी मोकळे असले तरी फरक पडत नाही. काकांच्या वाहिनीला तासाला दीड जीबी लागते, म्हणजे चार जीबी व्हायला दोन तास चाळीस मिनिटं. कीर्तन तासाभराचं, त्यामुळे महिनाभर ही मर्यादा कोणाला दिसलीच नाही. एचडी वाहिनीवर सेकंदाला एक एमबी धरली तर हीच मर्यादा सत्तर-एकाहत्तर मिनिटांत येते. तुमचं रेकॉर्डिंग दर वेळी जवळपास त्याच मिनिटाला थांबत असेल तर दुसरं काही शोधत बसू नका. काही टीव्ही चार जीबी झाले की आपोआप दुसरी फाइल सुरू करतात, त्यांना हा त्रास होत नाही. काकांचा टीव्ही तसं करत नाही.

मी डिस्क आणली तेव्हा ती टीव्हीच्याच मेनूतून फॉरमॅट केली होती, आणि टीव्हीने गुपचूप `FAT32` केलं होतं. कुठली पद्धत आहे ते विंडोजमध्ये ड्राइव्हवर उजवं बटण दाबून `Properties` मध्ये `File system` समोर वाचता येतं. पर्याय दोन. `NTFS` किंवा `exFAT` केलं तर ही मर्यादा राहत नाही, पण टीव्ही ते स्वीकारेल की नाही हे प्रत्येक टीव्हीवर अवलंबून असतं. फसवणूक अशी की पुष्कळ टीव्ही `NTFS` ड्राइव्हवरचे सिनेमे व्यवस्थित दाखवतात, म्हणजे वाचतात, पण त्यावर लिहीत नाहीत. सिनेमा चालला म्हणून रेकॉर्डिंग चालेल असं धरू नका. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत सिनेमा-फोटोंचं कोष्टक आणि रेकॉर्डिंगचं पान वेगवेगळं असतं, रेकॉर्डिंगचं पान वाचा. ते सापडलं नाही तर करून बघणं हाच मार्ग.

आम्ही करून बघितलं. आधी कीर्तनं संगणकावर उतरवून घेतली, कारण यात डिस्क पूर्ण पुसली जाते. मग विंडोजमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने कमांडची खिडकी उघडून हे दिलं:

```
diskpart
list disk
select disk 2
clean
convert mbr
create partition primary
format fs=ntfs quick
assign
exit
```

यातला २ हा आकडा माझ्या संगणकावरचा. तुमच्याकडे `list disk` जी यादी दाखवेल तिच्यात आकारावरून आपला ड्राइव्ह ओळखा आणि त्याचाच क्रमांक घाला. चुकीचा क्रमांक घालून `clean` दिलंत तर संगणकाला जोडलेली दुसरीच एखादी डिस्क रिकामी होऊ शकते, म्हणून त्या ओळीपाशी थांबून दोनदा बघा. `convert mbr` मुद्दाम घातलं आहे. काही टीव्ही `GPT` पद्धतीच्या विभागणीचा ड्राइव्ह ओळखतच नाहीत, आणि ड्राइव्ह चांगला असूनही टीव्हीवर काहीच दिसत नाही. `MBR` मात्र दोन टीबीपर्यंतच चालतं. रेकॉर्डिंगसाठी त्याहून मोठा ड्राइव्ह घेण्याची गरजही नाही, दीड जीबीच्या हिशेबाने पाचशे जीबीत तीनशे तास बसतात.

काकांच्या टीव्हीने `NTFS` घेतलं. पुढच्या सामन्याची साडेदहा जीबीची एकसंध फाइल तयार झाली, सात तासांची. त्याने घेतलं नसतं तर मी `FAT32` वरच राहून वेळापत्रकात दोन-दोन तासांची लागोपाठची रेकॉर्डिंग लावली असती. मध्ये काही सेकंदं जातात, पण सामना वाचतो.

वेळ लावून ठेवलेलं रेकॉर्डिंग सुरूच झालं नाही, अशी तक्रारही त्याच घरातून एकदा आली. तिचं कारण ड्राइव्हमध्ये नव्हतं, भिंतीवरच्या बटणात होतं. काकू विजा चमकायला लागल्या की टीव्हीचं बटण भिंतीवरच बंद करतात, आणि ते बरोबरच आहे. पण तिथे बंद केलेला टीव्ही ठरल्या वेळी जागा होऊ शकत नाही, तो रिमोटनेच बंद केलेला असायला हवा.

वीज मात्र आपल्या हातात नाही. रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली तर फाइल नीट मिटत नाही. ती शून्य आकाराची दिसते किंवा उघडत नाही, आणि पुढच्या वेळी टीव्ही त्या ड्राइव्हवर लिहायलाच नकार देतो. लोक घाबरून फॉरमॅट करतात आणि जुनं रेकॉर्डिंगही घालवतात. त्याआधी ड्राइव्ह संगणकाला लावून, आपल्या ड्राइव्हचं अक्षर घालून, हे देऊन बघा:

```
chkdsk E: /f
```

तुटलेली फाइल बहुधा परत मिळत नाही, पण बाकीची शाबूत राहतात आणि ड्राइव्ह पुन्हा लिहिता होतो. हे फक्त विंडोजला ओळखू येणाऱ्या पद्धतीच्या ड्राइव्हवर करायचं, टीव्हीच्या खास पद्धतीच्या नाही. दोनदा असं झाल्यावर काकांनी टीव्हीची जोडणी घरातल्या इन्व्हर्टरच्या प्लगवर घेतली. तेव्हापासून लाइट गेली तरी डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो, आणि सकाळी फाइल पूर्ण असते.